सोळा पॅकेजच्या दोन पॅकिंग लिस्ट: एका निर्यात कंटेनरच्या कागदांचा अभ्यास

कस्टम्समध्ये माल अडला की बहुतेकांना वाटतं, एखादा कागद राहिला असेल. माझा अनुभव वेगळा आहे. कुठले कागद लागणार याची यादी फॉरवर्डर, म्हणजे माल पाठवण्याची व्यवस्था बघणारा, पहिल्याच दिवशी पाठवतो, त्यामुळे कागद राहून जाणं तसं दुर्मीळच. त्रास होतो तो एकाच कागदाच्या दोन आवृत्त्या फिरायला लागल्या की. एक आवृत्ती एका टेबलावर, दुसरी दुसऱ्या टेबलावर, आणि दोन्ही नीट टाइप केलेल्या, सही-शिक्क्याच्या. मी कारखान्याच्या निर्यात विभागात कागदपत्रं बघतो. आमचा एक कंटेनर असाच अडकला, आणि त्यात सर्वांत मोठी चूक माझी होती. त्या पाच दिवसांत काय झालं ते आकड्यांसकट लिहितो.

माल होता औद्योगिक व्हॉल्व्ह. एकच आकार, एकूण ६४० नग, एका नगाचं वजन १८.५ किलो. एका पॅलेटवर ४० नग, म्हणजे १६ पॅलेट. नेट वजन ११,८४० किलो. रिकामं पॅलेट, पुठ्ठा आणि पट्ट्या मिळून दर पॅलेटमागे ३२ किलो धरायचे, म्हणजे ग्रॉस १२,३५२ किलो. वीस फुटी एक कंटेनर, दोन थरांत आठ-आठ पॅलेट. स्टफिंग, म्हणजे कंटेनर भरणं, आमच्याच आवारात, पुढे कंटेनर ट्रेलरवरून बंदरात. फॉरवर्डरकडे जहाजाचं बुकिंग, कस्टम्सचं काम आणि बिल ऑफ लेडिंगचा, म्हणजे जहाज कंपनीच्या मालपावतीचा मसुदा असं सगळंच दिलेलं होतं.

सोमवारी मी इन्व्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट पाठवली. माल अजून पॅक व्हायचा होता. ही पॅकिंग लिस्ट ऑर्डरवरून आणि ठरलेल्या पॅकिंगवरून तयार केलेली होती. असं सगळेच करतात, कारण फॉरवर्डरला कस्टम्सची तयारी आधीपासून करायची असते आणि तो कागद मागतो. मागण्यात काही चूक नाही. चूक अशी झाली, की ही लिस्ट अंदाजी आहे असं मी त्यावर कुठेही लिहिलं नाही. फाइलचं नाव होतं `Packing_List_Final.pdf`.

बुधवारी खरेदीदाराचा तपासनीस आला. पाण्याच्या दाबाच्या चाचणीत त्याने २४ नग नापास केले. खरेदीदाराशी बोलणं होऊन ६१६ नग आत्ता पाठवायचे आणि २४ नंतर, असं ठरलं. संध्याकाळी पॅकिंगवाल्यांनी हिशोब मांडला: ४० नगांची १५ पॅलेट झाली की ६०० होतात, उरतात १६. तेवढ्यासाठी पॅलेट कशाला, म्हणून त्यांनी प्लायवूडचा एक खोका ठोकला आणि ते १६ नग त्यात भरले.

म्हणजे १५ पॅलेट आणि १ खोका. पॅकेज पुन्हा १६!

पुढचा सगळा गोंधळ या योगायोगातून झाला. पॅकेजची संख्या १६ ची १५ झाली असती, तर पहिल्याच नजरेत कुणाच्या तरी लक्षात आलं असतं. कागद जुळवताना माणूस सगळ्यात आधी पॅकेजची संख्या बघतो. ती जुळली की मन निश्चिंत होतं आणि पुढचे आकडे डोळ्यांखालून नुसते सरकतात.

बुधवारी रात्री मी सुधारित इन्व्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट केली. ६१६ नग, नेट ११,३९६ किलो. ग्रॉससाठी १५ पॅलेटचे ४८० किलो आणि खोक्याचे २२ किलो मिळवले, ते झालं ११,८९८ किलो. आकडे बरोबर होते. गुरुवारी सकाळी स्टफिंग सुरू असतानाच फाइल पाठवून दिली. पण पाठवली ती बुकिंगच्या जुन्या मेलला उत्तर म्हणून, म्हणजे फक्त बुकिंग बघणाऱ्या माणसाकडे. फाइलचं नाव पुन्हा तेच.

इथे फॉरवर्डरचं घर आतून कसं चालतं ते सांगायला हवं. आपल्या नजरेत तो एकच पक्ष असतो, पण आत निदान तीन टेबलं असतात. एक जहाजावर जागा घेतं. दुसरं कस्टम्सची घोषणा तयार करतं, आणि पुष्कळदा ते टेबल त्यांच्या कचेरीत नसतंच, वेगळा कस्टम्स एजंट ते काम बघतो. तिसरं बिल ऑफ लेडिंग आणि वजनाचे कागद सांभाळतं. आपण ‘फॉरवर्डरला कळवलं’ म्हणतो तेव्हा यांपैकी एकालाच कळवलेलं असतं. बुकिंगवाल्याच्या दृष्टीने माझ्या मेलमध्ये नवीन काही नव्हतं. कंटेनर तोच, जहाज तेच, पॅकेज १६. त्याने मेल पुढे पाठवला नाही, आणि मी त्याला दोष देत नाही. काय बदललंय हे मीच मेलमध्ये लिहिलं नव्हतं. ‘सुधारित कागद जोडत आहे’ एवढंच लिहिलं होतं.

गुरुवारी दुपारी कस्टम्सच्या टेबलाकडून चेकलिस्ट आली. शिपिंग बिल, म्हणजे निर्यातीची घोषणा, दाखल करण्याआधी त्याचा मसुदा निर्यातदाराकडे मंजुरीला येतो, त्याला आपण चेकलिस्ट म्हणतो. या कागदाला मी आता सगळ्यांत जास्त मान देतो. घोषणा एजंट भरतो खरा, पण तो आपण दिलेल्या अधिकारपत्रावर आपल्या वतीने भरतो. त्यात लिहिलेल्या गोष्टीला जबाबदार आपण. ‘मंजूर’ असं उत्तर देणं म्हणजे त्यावर सही करणंच आहे.

ती चेकलिस्ट सोमवारच्या कागदांवरून तयार झाली होती. मी ती स्टफिंगच्या जागी उभा राहून मोबाइलवर पाहिली. नाव बरोबर, इन्व्हॉइस नंबर बरोबर, पॅकेज १६. ‘ओके’ लिहून पाठवलं. इन्व्हॉइस नंबर जुळणारच होता, कारण सुधारित इन्व्हॉइसला मी तोच नंबर ठेवला होता. अर्ध्या तासात ६४० नगांचं आणि १२,३५२ किलोचं शिपिंग बिल दाखल झालं.

संध्याकाळी कंटेनरला सील लागलं आणि ट्रेलर वजनकाट्यावर गेला. हे वजन व्हीजीएमसाठी लागतं. १ जुलै २०१६ पासून सोलास या आंतरराष्ट्रीय सागरी सुरक्षा कराराप्रमाणे भरलेल्या कंटेनरचं पडताळलेलं वजन कळवल्याशिवाय तो जहाजावर चढवता येत नाही, आणि ते कळवण्याची जबाबदारी माल पाठवणाऱ्यावर आहे. दोन पद्धती चालतात: भरलेला कंटेनर प्रत्यक्ष तोलायचा, किंवा माल, पॅकिंग आणि आतला आधार यांची वजनं मिळवून त्यात रिकाम्या कंटेनरचं वजन घालायचं. आम्ही तोलला. ट्रेलरचं वजन वजा जाता १४,१९० किलो भरलं. पावती फॉरवर्डरच्या तिसऱ्या टेबलाला पाठवली आणि घरी गेलो.

शुक्रवारी सकाळी नऊच्या सुमारास त्या टेबलावरच्या बाईंचा फोन आला.

“सर, एक शंका आहे. तुमच्या कंटेनरच्या दारावर रिकामं वजन २,२३० लिहिलंय. व्हीजीएम १४,१९०. वजा केलं तर आत ११,९६० किलो आहे. पण शिपिंग बिलात ग्रॉस १२,३५२ आहे. आत ठोकळे, पट्टे टाकले असतील ना?”

“हो मॅडम, साठेक किलो.”

“मग काट्यावर माल कागदापेक्षा साठ किलो जास्त भरायला हवा होता. इथे जवळजवळ चारशे कमी आहे. काहीतरी आत गेलेलं नाही, किंवा कागद जुना आहे.”

त्यांचं शेवटचं वाक्य संपायच्या आत मला कळलं होतं. कंटेनरच्या आतलं वजन हे ग्रॉसपेक्षा थोडं जास्तच असायला हवं, कारण त्यात माल आणि पॅकिंग यांच्याबरोबर लाकडाचे ठोकळे, बांधायचे पट्टे, हवेच्या पिशव्याही असतात. ते कमी निघालं तर कुठेतरी चुकलंय. माझ्या सुधारित लिस्टमधल्या ११,८९८ मध्ये साठ मिळवले की ११,९५८ होतात, आणि काट्याप्रमाणे ११,९६०. इतकं चोख जुळत होतं. कस्टम्सला मात्र आम्ही भलतंच सांगून बसलो होतो.

या पडताळणीच्या मर्यादाही सांगतो. आमचा काटा दहा-दहा किलोंनी सरकतो, त्यामुळे दहा-वीस किलोंची गफलत तो दाखवणार नाही. आणि माल इतरांच्या मालाबरोबर एका कंटेनरमध्ये जात असेल, तर अख्ख्या कंटेनरच्या वजनावरून आपल्या मालाचं काहीच कळत नाही. पूर्ण कंटेनर आपला असेल आणि माल जड असेल, तरच हा एका वजाबाकीचा पडताळा उपयोगी पडतो.

कंटेनर तोवर बंदराजवळच्या यार्डात पोचला होता, पण निर्यातीची परवानगी अजून मिळालेली नव्हती. ही जमेची बाजू होती. परवानगीच्या आधी घोषणेत दुरुस्ती मागता येते. माल समोर उभा असतो, शंका आली तर उघडून बघता येतो. जहाज निघून गेल्यावर अधिकाऱ्याला बघायला काहीच उरत नाही, सगळं कागदांवरून सिद्ध करावं लागतं, आणि जास्त नग दाखवून कमी पाठवले ही शंका कायम राहते. त्यामुळे चूक कळल्याबरोबर आधी यार्डातल्या माणसाला ‘कंटेनर पुढे पाठवू नका’ असा निरोप दिला, आणि मग कागदांना हात घातला.

दुरुस्तीच्या अर्जासोबत काय द्यायचं, ते एजंटने नेमकं सांगितलं. बदल का झाला याचं आमच्या लेटरहेडवरचं पत्र, सुधारित इन्व्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट, तपासनिसाचा २४ नग नापास केल्याचा अहवाल, आणि काट्याची पावती. यातला अहवाल सगळ्यात कामाचा ठरला, कारण त्यावर बुधवारची तारीख आणि तिसऱ्या पक्षाची सही होती. शिपिंग बिल गुरुवारचं. म्हणजे बदलाचं कारण घोषणेच्या आधीचं होतं, मागाहून रचलेलं नव्हतं, हे तारखेवरूनच दिसत होतं. पत्रात मी सरळ लिहिलं, की जुन्या पॅकिंग लिस्टवरून तयार झालेली चेकलिस्ट आमच्याकडून न तपासता मंजूर झाली. एजंटवर ढकललं नाही. ते खोटंही ठरलं असतं, आणि त्याच माणसाला आमच्यासाठी खिडकीवर उभं राहायचं होतं.

अधिकाऱ्यांनी कंटेनर उघडून बघायचं ठरवलं. दार उघडलं तर समोरच खोका, कारण तो सर्वांत शेवटी चढवला होता. मोजणीत अडचण आली नाही. पण फॉरवर्डरचा यार्डातला माणूस अनुभवी. त्याने खोक्याच्या तळाचा फोटो काढून मला पाठवला आणि खाली लिहिलं, “साहेब, शिक्का दिसत नाही.”

लाकडी पॅकिंगमधून कीड एका देशातून दुसऱ्या देशात जाऊ नये म्हणून आयएसपीएम १५ हे मानक आहे. कच्च्या लाकडाचं पॅकिंग उष्णता देऊन किंवा धुरी देऊन उपचार केलेलं असावं लागतं. नेहमीच्या उष्णता-उपचारात लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सियस तापमान सलग ३० मिनिटं ठेवतात. झालेल्या उपचाराची खूण म्हणून गव्हाच्या लोंबीचं चित्र, देशाचं अक्षरचिन्ह, उपचार करणाऱ्याचा क्रमांक आणि उपचाराचं चिन्ह असलेला शिक्का मारतात, शक्यतो समोरासमोरच्या दोन बाजूंना दिसेल असा. आमच्या पॅलेटवर तो होता. खोक्याच्या प्लायवूडला त्याची गरज नव्हती, कारण प्लायवूड बनतानाच गोंद, उष्णता आणि दाब यांतून गेलेलं असतं. पण फोर्कलिफ्टचे दात आत जावेत म्हणून पॅकिंगवाल्यांनी खाली तीन आडव्या पट्ट्या ठोकल्या होत्या, त्या साध्या कच्च्या लाकडाच्या, दीड-दोन इंच जाडीच्या. त्यांच्यावर काहीच नव्हतं.

निर्यात करताना हे कुणी अडवेलच असं नाही. फटका बसतो तो माल उतरतो तिथे. तिथलं वनस्पती संरक्षण खातं लाकूड नष्ट करायला लावू शकतं, कंटेनर अख्खाच परत पाठवू शकतं, आणि तो खर्च सोसायचा खरेदीदाराने. ‘जाऊ दे, एकच खोका आहे’ असं म्हणायचा मोह झाला, हे कबूल करतो. पण मनाला पटेना. आम्ही शिक्क्याचं एक रिकामं पॅलेट यार्डात पाठवलं, परवानगी घेऊन १६ नग त्यावर बांधले, खोका बाहेर काढला.

आणि त्याबरोबर कागद तिसऱ्यांदा बदलले. आता १६ पॅलेट, पण नग ६१६. बावीस किलोच्या खोक्याऐवजी बत्तीस किलोचं पॅलेट, म्हणून ग्रॉस ११,९०८. सीलही नवं, म्हणून त्याचा क्रमांक बिल ऑफ लेडिंगच्या मसुद्यात बदलायला हवा. व्हीजीएम पुन्हा, १४,२०० किलो. त्यात तो दहा किलोंचा फरक काट्याच्या एका पायरीएवढा, म्हणजे फक्त काट्यावर विसंबलो असतो तर दिसला की नाही सांगता येत नाही. या सगळ्यात जहाजासाठी कंटेनर देण्याची संध्याकाळची कट-ऑफ हुकली आणि बुकिंग पुढच्या आठवड्याच्या जहाजावर गेलं.

उशिरामुळे बँकेच्या बाजूने काय होईल, ही धाकधूक होती. पैसे लेटर ऑफ क्रेडिटवर होते, म्हणजे ठरलेल्या अटींशी जुळणारे कागद दिले तरच बँक पैसे देणार होती. माल पाठवायच्या शेवटच्या तारखेला बारा दिवस शिल्लक होते, तिथे निभावलं. पण २४ नग कमी गेले त्याचं काय? बऱ्याच जणांना वाटतं की पाच टक्क्यांपर्यंत कमी-जास्त चालतं, आणि २४ म्हणजे पावणेचार टक्केच. यूसीपी ६०० या लेटर ऑफ क्रेडिटच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीच्या कलम ३० मधली ही सवलत प्रमाण नगांच्या किंवा पॅकेजच्या संख्येत दिलं असेल तर लागू होत नाही, आणि आमच्या क्रेडिटमध्ये ‘६४० नग’ असंच लिहिलं होतं. आम्हाला वाचवलं कलम ३१ ने: क्रेडिटमध्ये मनाई नसेल तर माल भागाभागाने पाठवता येतो. आमच्यात मनाई नव्हती. नशिबाचा भाग होता, कारण पाठवण्याआधी मी ते तपासलंच नव्हतं.

त्या शुक्रवारी रात्री मी तिन्ही टेबलांना आणि एजंटला मिळून एकच मेल पाठवला. तो इथे देतो, कारण आता आमचा प्रत्येक कंटेनर या साच्याने जातो:

“आवृत्ती ३, शुक्रवार, रात्री ८:१०. आवृत्ती १ आणि २ रद्द, कृपया फाइलमधून काढून टाका. पॅकेज: १६ पॅलेट, खोका नाही. नग: ६४० ऐवजी ६१६. नेट ११,३९६. ग्रॉस १२,३५२ ऐवजी ११,९०८. इन्व्हॉइसची रक्कम त्याप्रमाणे कमी. सील बदललं, नवा क्रमांक सोबतच्या फोटोत. कारण: २४ नग तपासणीत नापास, खोका काढून पॅलेट. चौघांनीही ‘आवृत्ती ३ मिळाली’ असं उत्तर द्यावं.”

‘कशाऐवजी काय’ हे लिहिणं हाच या मेलचा गाभा आहे. नुसता नवा आकडा दिला तर वाचणारा तो आपल्याकडच्या आकड्याशी ताडून बघेलच याची खात्री नसते. जुना आकडा शेजारी दिसला की त्याला स्वतःची फाइल उघडावी लागते. आणि चौथं उत्तर येईपर्यंत मी फोन खाली ठेवत नाही. त्या रात्री एजंटचं उत्तर सर्वांत उशिरा आलं, कारण आवृत्ती २ चा गुरुवारचा मेल त्याच्याकडे कधी पोचलाच नव्हता आणि तोच शोधत तो बसला होता.

चेकलिस्ट आता मी मोबाइलवर बघत नाही. छापून घेतो, शेजारी पॅकिंगवाल्याने हाताने लिहिलेला मोजणीचा कागद ठेवतो, आणि पट्टी लावून एकेक ओळ खाली सरकतो. हाताने लिहिलेला कागदच का, तर इन्व्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट दोन्ही मीच टाइप केलेल्या असतात. त्या एकमेकींशी जुळल्या म्हणजे मी एकच चूक दोनदा केलेली नाही असं ठरत नाही. मालाजवळ उभं राहून लिहिलेला तो एकच कागद असतो. त्या कागदावर आता ‘पॅकेजचा प्रकार’ आणि ‘लाकडावर शिक्का’ असे दोन रकाने वाढवले आहेत.

फॉरवर्डरला सुरुवातीला लिस्ट लागतेच, ती मी अजूनही देतो. पण तिच्या प्रत्येक पानावर आडवं लिहिलेलं असतं: ‘अंदाजी, घोषणेसाठी वापरू नये’. पक्की लिस्ट शेवटच्या पॅलेटला पट्टी बसल्यावरच निघते. एजंटला हे सुरुवातीला आवडलं नाही. त्याचं म्हणणं, घोषणा आदल्या दिवशी दाखल झाली तर काम सोपं जातं. ते खरं आहे. त्यावर आम्ही असा तोडगा काढला, की त्याने बाकी सगळं अंदाजी लिस्टवरून भरून ठेवायचं, आणि नग, पॅकेज, वजन, रक्कम एवढे रकाने रिकामे ठेवायचे. पक्की लिस्ट आली की ते भरून चेकलिस्ट पाठवायची. त्याला पंधरा-वीस मिनिटं पुरतात.

राहिलेले २४ नग दुरुस्त होऊन पुढच्या महिन्यात दुसऱ्या मालाबरोबर निघाले. त्या दिवशी दुपारी दोनला एजंटचा फोन आला, “साहेब, लिस्ट?” मी खाली पॅकिंगच्या जागी होतो. दोन पॅलेट बांधायची बाकी होती. म्हटलं, “अजून वीस मिनिटं.” पलीकडून उत्तर आलं, “चालेल, रकाने रिकामे ठेवलेत.”